विश्लेषण : पाच साध्या गोळ्यांची बेरीज ११! ज्येष्ठांच्या औषधांचा ‘अँटिकोलिनर्जिक भार’ म्हणजे काय?

समजा, ७६ वर्षांच्या एक आजी आहेत. गेल्या दोन आठवड्यांपासून त्या संध्याकाळी गोंधळतात, घरातल्यांची नावे चुकतात. तोंड इतके कोरडे पडते की कवळी टोचते. बद्धकोष्ठता आहेच. घरच्यांना वाटते, स्मृतिभ्रंश सुरू झाला. मात्र अनेक देशांत अशा वेळी फार्मासिस्ट आधी त्यांच्या गोळ्यांची यादी मागतात आणि एक साधी बेरीज करतात.

ही बेरीज कशाची?

अ‍ॅसिटिलकोलिन हे शरीरातील निरोप पोहोचवणारे रसायन आहे. लाळ सुटणे, आतडी हलणे, मूत्राशय आकुंचन पावणे, एवढेच नव्हे तर लक्ष आणि स्मरणशक्तीही त्यावर चालते. अनेक औषधे हा निरोप अडवतात. काहींचे तेच काम असते, काहींचा तो दुष्परिणाम असतो. त्यांना अँटिकोलिनर्जिक म्हणतात. उतारवयात मूत्रपिंडाची क्षमता घटते, औषध शरीरात जास्त काळ राहते आणि मेंदूतील या रसायनाचा साठाही कमी झालेला असतो. त्यामुळे तरुणाला न जाणवणारा परिणाम आजींना जाणवतो.

गुण कसे देतात?

अमेरिकेत मलाझ बुस्तानी आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मांडलेली ‘एसीबी’ मोजपट्टी प्रसिद्ध आहे. तिच्यात औषधाला १, २ किंवा ३ गुण मिळतात. प्रयोगशाळेत हा गुणधर्म दिसला, पण रुग्णांच्या बुद्धीवर ठळक परिणाम आढळला नाही, तर १. मेंदूवर परिणाम करून भ्रम निर्माण करू शकणाऱ्या औषधांना ३. एकूण बेरीज ३ किंवा अधिक झाली, की यादी पुन्हा तपासावी असा संकेत आहे.

आजींची बेरीज किती?

पायांच्या जळजळीसाठी रात्री अमिट्रिप्टिलिन : ३. वारंवार लघवीसाठी टोल्टेरोडिन : ३. रक्तदाबासाठी अ‍ॅटेनोलॉल : १. झोपेसाठी अल्प्राझोलॅम : १. हे झाले ८. रक्तदाबाचीच दुसरी गोळी अ‍ॅम्लोडिपिन : ०. मग फार्मासिस्ट विचारतात, ‘‘दुकानातून आणखी काही आणता का?’’ तेव्हा कळते की आजी दोन आठवडे सर्दीची गोळी घेत आहेत. तिच्यात क्लोरफेनिरामिन आहे. आणखी ३. बेरीज ११. गोंधळ सुरू झाला तोही दोन आठवड्यांपूर्वीच.

पाचही गोळ्या नेहमीच्याच. शिवाय त्यांतल्या चार वेगवेगळ्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या वेळी दिलेल्या, तर एक दुकानातून आणलेली. त्यामुळे ही बेरीज कोणी केलीच नव्हती.

मग बंद काय करायचे?

सर्वांत सोपे आधी. सर्दीची गोळी थांबवली की बेरीज ८ वर येते. त्यानंतर टोल्टेरोडिनने खरेच फरक पडला का, हा प्रश्न. नसेल तर डॉक्टर ती बंद करू शकतात. औषधाची गरज असेलच, तर मिराबेग्रॉनला या पट्टीत शून्य गुण आहेत, पण त्याने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून तो तपासत राहावा लागतो. टोल्टेरोडिन गेले की उरतात ५. अमिट्रिप्टिलिन हळूहळू कमी करता येते का, हे नंतर पाहिले जाते.

इथे घाई धोक्याची असते. अल्प्राझोलॅम अचानक सोडल्यास झटके येऊ शकतात, अ‍ॅटेनोलॉल अचानक सोडल्यास छातीत दुखू शकते. दोन्हींना एकच गुण असला तरी ती घरच्यांनी परस्पर बंद करायची नसतात. एका वेळी एकच बदल करावा. म्हणजे फरक कशाने पडला ते कळते.

पट्टीची मर्यादा काय?

ही पट्टी मात्रा पाहत नाही. १० मिलिग्रॅम अमिट्रिप्टिलिनलाही ३ आणि ७५ मिलिग्रॅमलाही ३. मात्रा धरणारा ‘ड्रग बर्डन इंडेक्स’ वेगळा आहे. त्यात गुंगी आणणारी औषधेही मोजतात. पट्ट्यांचे आपसांत एकमतही नाही. टोल्टेरोडिनला एसीबीत ३ गुण, तर ‘एआरएस’ या दुसऱ्या पट्टीत २. म्हणून तुलना करायची तर दोन्ही वेळा एकच पट्टी वापरावी लागते. शून्य गुण म्हणजे निर्धोक असेही नाही. जळजळीसाठीच मिळणाऱ्या प्रीगाबालिनला एसीबीत गुण नाहीत, तरी त्याने गुंगी येते आणि तोल जाऊ शकतो.

थोडक्यात, आकडा निदान करत नाही. आजींना स्मृतिभ्रंश असेलही. पण भार उतरवण्याआधी घेतलेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीवर निष्कर्ष काढणे कठीण असते. त्यामुळे तपासणीला जाताना फक्त चिठ्ठ्या नकोत, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. सर्दीची, खाजेची, पोटदुखीची आणि प्रवासात उलटी होऊ नये म्हणून घेतलेलीसुद्धा.