वेठ नको, वेळ ठरवा : संस्थेत विनामूल्य काम करताना

"फुकट कशाला राबायचं?" शनिशिंगणापूर-घोडेगाव परिसरातल्या तरुणांना आम्ही एखाद्या संस्थेत स्वयंसेवक म्हणून जायला सुचवतो, तेव्हा घरातली वडीलधारी माणसं हमखास हा प्रश्न विचारतात. आम्ही तो टाळत नाही, कारण त्यामागे इतिहास आहे. महार वतनात कामाचे तास ठरलेले नव्हते. बोलावणं रात्री येवो की दिवसा, जावंच लागे आणि वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्या माणसाला जुंपलं जाई. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक मांडलं, ते या अमर्याद राबवणुकीविरुद्धच.

म्हणून आम्ही सांगतो की पैसे न घेता केलेलं प्रत्येक काम वेठ नसतं. पण किती तास, कोणतं काम आणि कधीपर्यंत हे आपण ठरवलं नाही, तर ते वेठीकडे झुकू लागतं.

मग जायचं कशाला? नवी माणसं भेटावीत म्हणून. आपला वावर भावकी, वस्ती आणि विहार एवढ्यातच असेल, तर एकाला माहीत असलेली बातमी सगळ्यांनाच आधीपासून माहीत असते. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या लेखात हेच दाखवलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्या बहुतेकांना ती खबर जवळच्या मित्राकडून नव्हे, तर अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्या माणसाकडून लागली होती.

मात्र संस्थेत गेलं म्हणजे माणसं भेटतातच असं नाही. आमच्या ओळखीतला एक वाणिज्य पदवीधर शिंगणापुरात प्रसादाच्या दुकानात काम करतो. पहिल्यांदा तो एका संस्थेत गेला, तेव्हा त्याला मागच्या खोलीत पावत्या संगणकावर चढवायला बसवलं. आठ रविवारांत त्याची ओळख झाली ती फक्त हिशेबनिसाशी. शिवाय कामाला शेवटची तारीख नव्हती. रात्री दहाला "एवढी एक शीट करून दे" असे निरोप येऊ लागले आणि दोन महिन्यांनी तो काही न सांगता जायचा बंद झाला. संस्थेचं काम अर्धवट राहिलं आणि झालेली एक ओळखही तुटली.

दुसऱ्या संस्थेत जाण्याआधी त्याने आमच्यासोबत बसून अर्ज लिहिला :

"मला बचत गटाचं दप्तर लिहिता येतं. तीन गावांतल्या गटांच्या महिलांना पासबुक वाचायला आणि दप्तर लिहायला शिकवेन. दहा रविवार, सकाळी ९ ते ११. शनिवारी आणि अमावास्येला दुकानामुळे जमणार नाही. गावोगावचा प्रवासखर्च संस्थेने द्यावा. फोन रात्री ८ पर्यंत घेईन. पाचव्या रविवारी एकत्र बसून कामाचा आढावा घेऊ. शेवटच्या दोन रविवारी माझ्यासोबत एक कार्यकर्ती द्यावी, म्हणजे पुढे ती हे काम सांभाळेल."

हिशेब केला तर काम वीस तासांचं. जायला एक तास आणि यायला एक तास धरला, तर चाळीस तासांचं. प्रवासाचा वेळ न मोजणं ही नेहमीची चूक आहे. किती वेळ द्यावा याचा अंदाज हवा असेल, तर राष्ट्रीय सेवा योजनेचं माप बघा. तिथे स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यायचे असतात, म्हणजे आठवड्याला साधारण सव्वादोन तास. नोकरी किंवा अभ्यास सांभाळून एवढं झेपतं.

या वेळी काम माणसांसमोरचं होतं. त्यामुळे गटांच्या महिला, बँक मित्र, आशाताई आणि इतर स्वयंसेवक अशी माणसं त्याला दर आठवड्याला भेटत गेली. दहा रविवार संपले, तरी यातले काहीजण आजही त्याला फोन करतात.

काम बिघडत चाललंय हे ओळखायचं कसं? ठरलेल्या वेळेनंतर सलग दोनदा थांबावं लागलं, अर्जात नसलेलं काम गळ्यात पडलं किंवा महिनाभरात एकही नवं नाव कळलं नाही, तर आढाव्याची वाट बघू नका. अर्ज समोर ठेवून समन्वयकाशी बोला. जमत नसेल, तर पंधरा दिवस आधी सांगून थांबा.

काम वसतिगृहातल्या मुलांसोबत असेल, तर जास्त जपायला हवं. संस्था ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी मागेल, ती द्यावी. आणि आपला शेवटचा दिवस मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा. जीव लावून अचानक नाहीसं होणारी माणसं त्या मुलांनी आधीच खूप पाहिलेली असतात.

मुदत संपल्यावर काम पुढे चालू ठेवायचं असेल, तर नवा अर्ज लिहा. जुन्याच अर्जावर "चालू ठेवतो" म्हणू नका. तास पुन्हा मोजा, तारीख पुन्हा घाला. घरच्यांनी "फुकट कशाला?" असं विचारलं, तर तो कागद त्यांना दाखवा.