कामावरची पत्रं : लेखांक ९
वरच्या खुर्चीसाठी तयार करताना

गेल्या आठवड्यात आपण वार्षिक मूल्यमापनाचं पत्र पाहिलं. त्यात झालेल्या कामाचा हिशेब असतो. आजचं पत्र व्हायच्या कामाचं आहे. कंपनीला ज्या माणसात वरची जबाबदारी पेलण्याची कुवत दिसते, त्याला दीड-दोन वर्षांत त्यासाठी कसं घडवायचं हे लिहून देणारं विकासपत्र.

आधी एक गैरसमज दूर करू. चांगलं काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पत्र द्यायचं नसतं. मशीनचं सेटिंग डोळे मिटून करणारा कारागीर कारखान्याचं सोनं असतो, पण त्याला माणसं सांभाळायची इच्छा नसेल तर त्याची वाट वेगळी. त्याला मोबदला द्यावा, मान द्यावा. बळेच साहेब करू नये. म्हणून पत्र लिहिण्याआधी समोर बसवून विचारावं, की तुम्हाला ही जबाबदारी हवी आहे का. हा प्रश्न न विचारताच लिहिलेली कितीतरी पत्रं मी पाहिली आहेत.

उदाहरणासाठी एक कारखाना कल्पू. चाकणच्या पट्ट्यातला, ॲल्युमिनियमच्या कास्टिंगवर मशीनिंग करून वाहन कंपन्यांना माल देणारा. तिथे सात वर्षं काढलेली एक शिफ्ट इन्चार्ज आहे. मशीन शॉपचे प्रमुख दीड वर्षाने निवृत्त होणार आणि व्यवस्थापनाची नजर हिच्यावर आहे. अशा वेळी एचआरकडून सहसा जे पत्र जातं, त्यात प्रशिक्षणाची गरज या मथळ्याखाली ‘नेतृत्वगुण, संवादकौशल्य, वेळेचे नियोजन’ असं लिहिलेलं असतं. हे कोणालाही लागू पडतं, म्हणून कोणाच्याच कामाचं नसतं.

गरज शोधायची रीत साधी आहे. सध्याचे प्रमुख महिनाभरात कोणकोणते निर्णय घेतात ते त्यांच्याकडून लिहून घ्यायचं आणि त्यातले कोणते हिने आजवर कधीच घेतलेले नाहीत तेवढ्यांवर खूण करायची. आपल्या उदाहरणात अशा दोन जागा निघाल्या : पैसा आणि ग्राहक.

पैशाचं पाहा. शिफ्ट इन्चार्ज रिजेक्शन नगांत मोजते. आज हजारात तीस नग गेले, तीन टक्के. प्रमुखाला तेच रुपयांत दिसायला हवं. समजा कास्टिंग १८० रुपयांचं आणि त्यावर तीन ऑपरेशन, प्रत्येकी ४० रुपयांची. पहिल्या ऑपरेशननंतर खराब नग पकडला तर २२० रुपये गेले. तोच शेवटच्या तपासणीत सापडला तर ३०० गेले. भंगाराचे पैसे दोन्हीकडे सारखेच परत येतात. म्हणजे दिवसाचे तीस नग उशिरा पकडले, तर टक्केवारी तीच राहते आणि रोजचे २,४०० रुपये जास्त जातात. पहिल्या मशीनशेजारी एक गेज आणि एक तपासनीस ठेवायचा की नाही, हा निर्णय या आकड्यावर ठरतो. तो आकडा तिच्यासमोर कधी आलाच नाही, कारण कॉस्टिंगचा कागद शॉपच्या मजल्यावर उतरत नाही.

आता पत्रातलं वाक्य कसं हवं? ‘कॉस्टिंगचे प्रशिक्षण देण्यात येईल’ असं नको. असं हवं : ‘एप्रिल ते जून दर गुरुवारी दुपारी आपण कॉस्टिंग विभागात बसाल. जुलैपासून मशीन शॉपचा मासिक रिजेक्शन अहवाल रुपयांत आपण तयार कराल आणि प्लँट हेडच्या बैठकीत आपणच मांडाल.’ शिकणं कुठे संपतं आणि जबाबदारी कुठे सुरू होते, हे या दोन वाक्यांत स्पष्ट आहे.

ग्राहकाची बाजू वर्गात शिकवता येत नाही. त्यासाठी तिला एक नवा पार्ट सुरुवातीपासून हाती द्यावा लागतो. वाहन उद्योगात नवा पार्ट नियमित उत्पादनात जाण्याआधी पीपॅपची मंजुरी लागते : नेहमीच्याच मशीनवर, नेहमीच्याच माणसांकडून सलग उत्पादन करून दाखवायचं (ग्राहकाने वेगळं सांगितलं नसेल तर किमान ३०० नग) आणि मोजमापांपासून कंट्रोल प्लॅनपर्यंत १८ बाबींचा पुरावा ठेवायचा. यात ग्राहकाच्या क्वालिटी इंजिनिअरशी वाद होतात, तारखा हलतात, टूलरूमची मनधरणी करावी लागते. प्रमुखाची अर्धी नोकरी या सहा महिन्यांत हाताखालून जाते.

प्रशिक्षणाची चर्चा निघाली की सत्तर-वीस-दहाचं सूत्र पुढे येतं : सत्तर टक्के कामातून, वीस माणसांकडून, दहा वर्गातून. त्याचा उगम १९८०च्या दशकातल्या अमेरिकेतल्या सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिपच्या कामात आहे आणि ते यशस्वी व्यवस्थापकांनी आठवून सांगितलेल्या अनुभवांवर उभं आहे. दिशा म्हणून ते ठीक आहे, पण पत्रात तासांची तशी वाटणी करू नये.

बहुतेक पत्रं जिथे मोडतात ती जागा मात्र वेगळीच. ती गुरुवारी कॉस्टिंगमध्ये बसली तर तिची शिफ्ट कोण पाहणार? याचं उत्तर पत्रात नसेल, तर पहिल्याच महिनाअखेरीला डिस्पॅचचा ताण येतो, साहेब म्हणतात ‘या गुरुवारी राहू दे’, आणि तो गुरुवार पुन्हा उगवत नाही. म्हणून तिच्या जागी कोण, कोणत्या तारखेपासून, हे तिच्याच पत्रात लिहावं आणि त्याची प्रत त्या माणसाला द्यावी. या ओळीवर खात्याच्या प्रमुखांची सही घ्यावी. तोंडी होकार पुरत नाही.

मार्गदर्शक म्हणून तिचे रोजचे साहेब नेमू नयेत. ज्यांच्या हातात वेतनवाढ आहे त्यांच्यासमोर ‘मला हे जमत नाहीये’ असं कोण म्हणेल? दुसऱ्या प्लँटचे किंवा दुसऱ्या खात्याचे अनुभवी गृहस्थ बरे. तीन आठवड्यांतून एकदा तासभर भेट पुरते. भेटीला येताना तिने एखादा अडलेला निर्णय घेऊन यावं, नाहीतर दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच गप्पा हवापाण्यावर येतात. भेटीत बोललेलं वर जाणार नाही, हे पत्रात स्पष्ट लिहावं. भेटी झाल्या की नाही, एवढीच नोंद एचआरने ठेवावी.

मुदत अठरा महिन्यांची धरली तर दर तीन महिन्यांनी आढावा हवा. त्यात ‘किती कोर्स झाले’ हे विचारून काही कळत नाही. ‘या तिमाहीत कोणता निर्णय तुम्ही एकटीने घेतलात आणि त्याचं काय झालं?’ असं विचारावं. सलग दोन आढाव्यांत उत्तर आलं नाही, तर बहुतेक वेळा साहेबांनी काम सोडलेलं नसतं, आणि मग बोलणं त्यांच्याशी करायचं. ग्राहकानेच पार्ट पुढे ढकलला तर काय, याची पर्यायी ओळही हवी. नवे पार्ट हटकून लांबतात.

पत्राच्या शेवटी दोन गोष्टी सांभाळाव्यात. ‘हे पत्र बढतीचे आश्वासन नाही’ हे वाक्य लागतंच, पण तेवढ्यावर थांबू नये. प्रमुखांची मुदत वाढली आणि जागा रिकामी झालीच नाही, तर आपण कोणत्या महिन्यात पुन्हा बसून काय ठरवू, तेही लिहावं. आणि बाँड या पत्रात घुसडू नये. महागड्या कोर्सचा खर्च कंपनी करणार असेल तर त्याचा करार वेगळा करावा. मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची एका सरकारी बँकेची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध ठरवली, म्हणजे असे करार टिकू शकतात. पण करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे भरपाई वाजवीच लागते. दोन दिवसांच्या वर्गासाठी तीन वर्षं बांधून घेणारा कागद त्यात बसवणं कठीण.

पुढच्या आठवड्यात : बदलीचं पत्र.