लग्नपत्रिकेवरचं चित्र आणि अक्षरं

एआयकडून लग्नपत्रिकेचं चित्र काढून घेणाऱ्यांचा पहिला समज असा असतो, की त्याच फटक्यात मजकूरही लिहून मिळेल. अलीकडची साधनं इंग्रजी मथळे बरे लिहितात, ठळक देवनागरी शब्दही कधी कधी बरोबर येतात. पण पत्रिकेत आजी-आजोबांची नावं, मुहूर्ताची वेळ, कार्यालयाचा पत्ता असा बारीक मजकूर असतो. साधन तो अक्षर म्हणून लिहीत नाही, अक्षरासारखा आकार रंगवतं. त्यामुळे शिरोरेखा मध्येच तुटते, ‘श्री’च्या जागी तिच्यासारखं दिसणारं काहीतरी येतं, आणि एक मात्रा दुरुस्त करायला सांगितली की दुसऱ्या ओळीतलं नाव बदलतं. लांबून सगळं ठीक दिसतं, हाच यातला खरा धोका आहे.

म्हणून साधनाकडून फक्त चित्र घ्यावं. सूचनेत ‘लग्नपत्रिका’ हा शब्द घातला, तर ते रिकाम्या जागी खोटी अक्षरं गिरवण्याची शक्यता असते. त्याऐवजी ‘झेंडूचं तोरण, केळीचे खांब, खाली समया, मधला भाग पूर्ण कोरा’ असं वर्णन करावं. वधूवर हवे असतील, तर मुंडावळ्यांकडे बारकाईने पाहावं. त्यांच्या जागी उत्तरेकडचा सेहरा किंवा बिंदी सहज येऊन बसते. गणपतीचे हातही मोजावेत.

दुसरा समज अक्षरं बसवताना समोर येतो. युनिकोड मजकूर चिकटवला आणि ‘श्री’चा पाय मोडलेला दिसला, की फॉन्ट खराब आहे असं म्हणून लोक दुसरा फॉन्ट शोधतात. बहुतेक वेळा दोष फॉन्टचा नसतो. संगणकात ‘श्री’ म्हणजे श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हं ओळीने साठवलेली असतात. त्यांचं जोडाक्षर करण्याचे नियम फॉन्टमध्ये असतात, पण ते वापरणं हे सॉफ्टवेअरचं काम आहे. इनडिझाइनमध्ये त्यासाठी परिच्छेदाला Adobe World-Ready Paragraph Composer निवडावा लागतो. तो निवडला नसेल, तर ‘चि.’मधली वेलांटी ‘च’च्या आधी न येता नंतर पडते. तपासायला तीन शब्द पुरतात : ‘श्री’, ‘चि.’ आणि ‘वऱ्हाड’. शेवटच्या शब्दातला अर्धा ‘ऱ’ मराठीची खास गरज आहे. तो रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर गेला, तर टाइप करताना ‘ऱ’ऐवजी साधा ‘र’ पडलेला असतो. गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा आडनावांचं याने वाटोळं होतं.

छापखान्याकडे फाइल देताना मजकूर कर्व्हमध्ये बदलून पीडीएफ द्यावी, म्हणजे त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षरं जशीच्या तशी राहतात. मात्र कर्व्ह केल्यावर शुद्धलेखन सुधारता येत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळी जपावी आणि कर्व्ह करण्यापूर्वी दोन्ही घरच्यांकडून नावं वाचून घ्यावीत.

‘मोबाइलवर स्वच्छ दिसतं म्हणजे छपाईतही येईल’ हा तिसरा समज हिशेबाने तपासता येतो. समजा पत्रिका ५ × ७ इंचांची आहे. कापताना कडेला पांढरी रेघ येऊ नये म्हणून चारही बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर ब्लीड धरलं, की चित्र ५.२५ × ७.२५ इंचांचं लागतं. इंचाला ३०० ठिपके धरले, तर १५७५ × २१७५ पिक्सेल हवेत. साधनाने दिलेलं चित्र १०२४ × १५३६ असेल, तर रुंदीत इंचाला फक्त १९५ ठिपके मिळतात. फाइलमध्ये ‘३०० डीपीआय’ हा आकडा टाकल्याने तपशील वाढत नाही, छापल्या जाणाऱ्या चित्राचा आकार तेवढा लहान होतो. शिवाय प्रमाण जुळत नसल्याने उंचीतले सुमारे १२० पिक्सेल कापले जातात. तोरण अगदी वरच्या कडेला असेल, तर ते अर्धं जातं.

जलरंगासारख्या मऊ चित्राला १९५ ठिपके चालून जातात. अक्षरांना चालत नाहीत, कारण वेलांट्यांच्या वळणांवर लगेच पायऱ्या दिसू लागतात. वेगळी बसवलेली अक्षरं पिक्सेलची नसून रेषांची असतात. म्हणून चित्र मऊ असलं तरी ती धारदार छापली जातात. बारीक मजकूर निव्वळ काळ्या शाईत ठेवावा. चार शाया एकमेकींवर छापल्या आणि कागद केसभर सरकला, तर अनुस्वाराभोवती रंगीत सावली दिसते.

राहिलं सोनं. पडद्यावरचं झगमगतं सोनेरी म्हणजे पिवळ्या-तपकिरी छटा असतात आणि कागदावर त्या तशाच, मातकट उतरतात. खरी चमक फॉइलने येते. त्यासाठी ‘॥ श्री ॥’ आणि वधूवरांची नावं वेगळ्या पानावर, त्याच मापात, त्याच जागी, निव्वळ काळ्या रंगात द्यावी लागतात. त्यावरून छापखाना ठसा बनवतो. या अक्षरांसाठी थोडा जाड फॉन्ट निवडावा, कारण नाजूक शिरोरेखेवर फॉइल तुटक चिकटतं आणि अक्षराच्या आतल्या अरुंद पोकळ्या बुजतात.