रिकामी बॅग टेबलावर ठेवून बघा

मागच्या महिन्यात माझी भाची नव्या नोकरीसाठी मागवलेली बॅग घेऊन घरी आली. साइटवर तिचं नाव 'सॅचेल' असं लिहिलेलं होतं. ऑफिसचा लॅपटॉप, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली आणि एक फाइल, एवढं तिला रोज लोकलमधून न्यायचं होतं. आठच दिवसांत ती वैतागली होती.

"मावशी, लॅपटॉप नीट बसतच नाही. डबा आडवा होतो, आणि काही काढायचं म्हटलं की तळापर्यंत हात घालावा लागतो. बॅग लहान घेतली का गं मी?"

मी गेली वीस वर्षं कापडी आणि चामडी बॅगा शिवते. बॅग हातात आल्याबरोबर मला कळलं की ती लहान नव्हती. नाव सॅचेलचं होतं, पण वस्तू निराळीच होती. हे फार वेळा घडतं. टोट, सॅचेल, होबो आणि क्लच ही चार नावं दुकानांत आणि जाहिरातींत सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. घेणारीला मात्र रोज ओझं वाहायचं असतं, म्हणून तिला फरक कळायला हवा.

त्यासाठी रंग, चामडं, बिल्ला हे काही बघू नका. बॅग पूर्ण रिकामी करा, टेबलावर ठेवा आणि हात काढून घ्या. ती उभी राहते की बसकण मारते ते बघा. मग बंद धरून उचला आणि बघा, बंद बॅगेला कुठे जोडलाय आणि उचलल्यावर बॅगेचं तोंड काय करतं. या दोन गोष्टींत बहुतेक उत्तर मिळतं.

भाचीची बॅग टेबलावर ठेवली आणि ती हळूहळू एका कुशीवर कलंडली. बंद एकच होता, रुंद. तो तोंडाच्या उजव्या टोकापासून निघून डाव्या टोकाला मिळत होता. जोडही असा, की बॅगेचं अंग कुठे संपतं आणि बंद कुठे सुरू होतो हे पटकन दिसू नये. उचलल्यावर दोन्ही टोकं वर ओढली गेली, मधला भाग खाली झोल खाऊन लोंबला आणि अख्ख्या बॅगेला चंद्रकोरीचा आकार आला. हा होबो. हे नाव काठीला गाठोडं बांधून कामाच्या शोधात गावोगाव फिरणाऱ्या अमेरिकी भटक्या मजुरांवरून आलं. गुच्चीची 'जॅकी' म्हणून ओळखली जाणारी अर्धगोल बॅग याच जातीतली. जॅकलिन केनेडी ती वापरत असत, म्हणून तिला हे नाव पडलं.

आपल्याकडच्या वाचकांना यातलं एक तत्त्व परकं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत कवींच्या, कार्यकर्त्यांच्या, प्राध्यापकांच्या खांद्यावर जी शबनम असायची, तिलाही एकच लांब बंद दोन्ही कडांना जोडलेला असतो. शबनम सपाट चौकोनी आणि होबो कोरीसारखा, म्हणून दोन्ही एकच म्हणता येणार नाहीत. पण ओझं टांगायची रीत तीच. सगळा भार दोन टोकांवरून लोंबतो, त्यामुळे आतल्या वस्तू मधोमध जमा होतात.

आता भाचीची अडचण मोजून बघू. तोंडाशी बॅगेची रुंदी ३८ सेंटिमीटर होती. लॅपटॉप साधारण ३२ सेंटिमीटरचा. म्हणजे तोंडातून तो सहज आत जात होता. पण होबो खाली निमुळता होत जातो. तोंडापासून १२ सेंटिमीटर खाली मी टेप लावला, तर तिथली रुंदी जेमतेम २९ भरली. लॅपटॉपचे खालचे दोन कोपरे तिथेच अडकत होते आणि त्याच्या खाली पोकळी उरत होती. डबा त्या पोकळीत घसरून आडवा होई. बॅग आणखी मोठी घेतली असती, तरी कोर ती कोरच, तिला सरळ तळ येत नाही. होबोचा गुण वेगळा आहे. ओढणी, पाकीट, चष्मा, छोटी छत्री अशा मऊ किंवा बारीक वस्तू घातल्या, की तो काखेत अंगाला धरून बसतो, आणि उचलताच बंदाच्या ओढीने तोंड आपोआप अर्धं मिटतं. होबो पहिल्यांदा उसवतो तो बंद आणि अंगाच्या जोडाशी. विकत घेताना तिथला टाका नखाने ताणून बघा. दोन थरांमधला धागा उघडा दिसला, तर ती बॅग जड सामानाची नाही.

मग सॅचेल कशी असते? तिच्या नावाचा मूळ लॅटिन शब्द 'छोटी पिशवी' या अर्थाचा, पण आजची सॅचेल पिशवीपेक्षा पेटीच्या जवळची. ब्रिटनमध्ये सॅचेल म्हटलं की शाळेचं दप्तर डोळ्यांपुढे येतं: पुढे पडणारी झडप, तिला दोन बकलं आणि तिरपा घालायचा लांब पट्टा. फॅशनच्या दुकानांत सॅचेल म्हणून जी मिळते तिला बहुधा वर दोन आखूड दांडे असतात, तळ सपाट असतो, बाजूंना रुंद पट्ट्या असतात आणि तोंडाला चेन किंवा झडप असते. जुन्या डॉक्टरांची घरी तपासायला येतानाची बॅग आठवा, तिचा तोल याच जातीचा. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी. सॅचेल रिकामी असली तरी आपल्या आकारात उभी राहते, कारण तळात आणि बहुधा भिंतींतही पुठ्ठा किंवा जाड फोम असतो. तळाला धातूच्या चार गुंड्या असल्या तर त्याही याच बॅगेच्या.

सॅचेलचा आखूड दांडा हातात किंवा कोपरावर धरायचा असतो. दांड्याच्या वरच्या टोकापासून बॅगेच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण १० ते १२ सेंटिमीटर असलं, तर तो खांद्यावर चढणार नाही हे लक्षात ठेवा. खांद्यासाठी वेगळा लांब पट्टा येतो आणि तो दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांवरच्या कड्यांत अडकतो. कस लागतो तो इथेच. भरलेली सॅचेल लांब पट्ट्याने उचला आणि बाजूंकडे बघा. बाजू आत ओढल्या गेल्या, बॅगेचा पेटीसारखा आकार मोडून ती बोचक्यासारखी दिसायला लागली, तर आतला पुठ्ठा नाजूक आहे. चांगल्या शिवलेल्या सॅचेलच्या बाजू फारशा हलत नाहीत. तळाला मध्ये बोट दाबून बघा, तो लवला तर सहा महिन्यांत लोंबेल.

टोट ओळखायला सगळ्यात सोपी, कारण तिच्यात लपवण्यासारखं काही नसतं. वर उघडं तोंड आणि एकाच मापाचे दोन समांतर बंद, एक पुढच्या भिंतीवर, एक मागच्या. उचलल्यावर दोन्ही भिंती वर ताणल्या जातात, पण कडेची तोंडं उघडी राहतात. होबोत टोकं वर जातात, टोटमध्ये भिंती. मऊ टोट आणि होबो यांची गल्लत झाली तर एवढंच बघा. टोटला चेन लावली म्हणून ती सॅचेल होत नाही, आणि कडक चामड्याची असली तरी बंद लांब आणि तोंड रुंद असेल तर ती टोटच.

अमेरिकेतल्या एल.एल. बीन या कंपनीने १९४४ मध्ये गाडीतून घरापर्यंत बर्फ नेण्यासाठी जाड कॅनव्हासची पिशवी काढली. १९६५ मध्ये ती 'बोट अँड टोट' म्हणून नव्याने बाजारात आली. तिचे बंद तोंडाशी थांबत नाहीत, भिंतीवरून खाली तळाच्या दुहेरी कापडापर्यंत शिवलेले असतात. ही खरी शहाणपणाची शिवण आहे. बंद नुसता तोंडाच्या कडेला दोन इंचांत जोडला, की सगळं ओझं त्या दोन इंच टाक्यांवर येतं आणि एक दिवस कापडच फाटतं. बंद खालपर्यंत नेला की ओझं तळाखालून उचललं जातं. बंद खाली न्यायचा नसेल तर निदान जोडावर चौकोन शिवून त्यात फुली मारलेली हवी, आणि आतून कापडाचा जादा तुकडा.

क्लचबद्दल लांबवण्यासारखं नाही. ज्याला बंदच नाही आणि जे मुठीत किंवा काखेत धरायचं, ते क्लच. पाकिटासारखं सपाट असो, की दागिन्याच्या डबीसारखं कडक, नियम हाच. बारीक साखळी असली तरी ती सुटते का किंवा आत जाते का ते बघा. साखळीशिवाय ते वापरता येत असेल तर क्लच, नाही तर ती छोटी खांद्याची बॅग. पैठणीच्या काठाचे क्लच हल्ली लग्नांत खूप दिसतात. घेताना आपला फोन आत घालून ते मिटून बघा, कारण कडक चौकटीत अर्धा सेंटिमीटर कमी पडला तरी ते मिटत नाही.

भाचीला खरी सॅचेल घ्यावी असं आधी मला वाटलं होतं. पण कडक बॅगेचं स्वतःचंच वजन खूप असतं. त्यात लॅपटॉप, डबा, बाटली आणि लोकलची गर्दी. म्हणून टोट ठरली, तोंडाला चेनची पट्टी लावून, कारण गर्दीत उघडं तोंड चालणार नाही. मी जाड कॅनव्हासचे दोन तुकडे शिवून ५० सेंटिमीटर रुंद आणि ४१ उंच पिशवी केली. मग खालचे दोन्ही कोपरे उलटून त्रिकोण केले आणि तिथे १२ सेंटिमीटरची आडवी शिवण मारली. त्याने रुंदी ३८ वर आली, उंची ३५ वर, आणि १२ सेंटिमीटरचा सपाट तळ मिळाला. तळात पुठ्ठा घातला. मागच्या भिंतीला आतून कापडी कप्पा शिवला, ३४ सेंटिमीटरचा, म्हणजे लॅपटॉप उभा आणि पाठीकडे राहील. बंद खालपर्यंत नेले. त्यांची लांबी मात्र तिला उभी करून ठरवली. तिने पोलो शर्टावर रिकामी बॅग अडकवली तेव्हा खांदा ते तोंड २५ सेंटिमीटर बरोबर बसलं, दंड सहज आत जात होता.

मग सगळं सामान भरून आम्ही बॅग टेबलावर ठेवली आणि हात काढले. ती उभी राहिली. भाचीने दोन्ही बंद धरून उचललं, तेव्हा डबा आपल्या जागेवरच होता. होबो तिने धाकट्या बहिणीला दिला. ती कॉलेजात ओढणी आणि दोन वह्या घेऊन जाते.