दोन पडद्यांवरील स्क्रीनशॉट : कोणता पडदा टिपला जातो?

गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मुंबई शहराच्या जुन्या भागांत उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाची कामे अनेक ठिकाणी चालू आहेत. अशा प्रकरणात दोन प्रकारची कागदपत्रे एकाच वेळी पाहावी लागतात. एक म्हणजे जमिनीचा नकाशा. मुंबई शहरात त्यासाठी विभागाचे नाव व सी. एस. क्रमांक द्यावा लागतो आणि २०१८ साली मंजूर झालेल्या विकास आराखडा २०३४ मधील आरक्षणे व रस्तारेषा पाहाव्या लागतात. दुसरे म्हणजे भाडेकरूंची यादी. तीत नावे, खोली क्रमांक, भ्रमणध्वनी क्रमांक आणि काही वेळा आधार क्रमांकही असतात. म्हणून अशी कामे करणाऱ्याच्या टेबलावर संगणकाला दोन पडदे, म्हणजे दोन मॉनिटर, जोडलेले असणे सोयीचे ठरते. डाव्या पडद्यावर नकाशा राहतो आणि उजव्या पडद्यावर यादी.

आता असे समजू या की, परळ-शिवडी विभागातील एका भूखंडाचा नकाशा वास्तुशास्त्रज्ञाला दाखवावयाचा आहे. लिपिक कळफलकावरील PrtScn ही कळ दाबतो आणि चित्र पत्राच्या मसुद्यात चिकटवितो. मसुद्यात नकाशा येतो, पण त्याच्या शेजारी भाडेकरूंची यादीही येते. ही संगणकाची चूक नव्हे. त्याला जे सांगण्यात आले तेच त्याने केले आहे.

संगणकाला दोन पडदे कसे दिसतात

विंडोज प्रणालीत दोन पडदे विस्तारित पद्धतीने जोडले की संगणक त्यांना एकच रुंद पृष्ठभाग मानतो. प्रत्येक पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतील, तर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन पडद्यांचा पृष्ठभाग ३८४० गुणिले १०८० ठिपक्यांचा होतो. PrtScn ने हा सारा पृष्ठभाग स्मृतीत घेतला जातो, आणि Windows व PrtScn या दोन कळा एकदम दाबल्यास त्याच पृष्ठभागाची फाईल Pictures मधील Screenshots या फोल्डरमध्ये जतन होते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांत केवळ PrtScn दाबल्यास चित्र लगेच न घेता भाग निवडण्याचे साधन उघडते. ही सवय Settings मधील Accessibility, त्यातील Keyboard या पानावर बदलता येते. त्यामुळे एकाच कार्यालयातील दोन संगणकांवर एकाच कळीचे परिणाम वेगळे दिसू शकतात.

एक पडदा लहान असेल, समजा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, तर एकत्रित चित्रात त्या पडद्याच्या वर किंवा खाली रिकामी काळी पट्टी येते. ही पट्टी दिसली की चित्रात दोन पडदे आले आहेत, हे लगेच ओळखावे.

छपाईतही अडचण येते. साध्या समासांच्या ए-४ कागदावर मजकुरासाठी सुमारे १६ सेंटिमीटर रुंदी उरते. दोन पडद्यांचे चित्र त्यात बसविल्यास प्रत्येक पडद्याच्या वाट्याला जेमतेम ८ सेंटिमीटर येतात. बावीस इंची पडदा सुमारे ४८ सेंटिमीटर रुंद असतो. म्हणजे त्यावरील ३ मिलिमीटर उंचीचे अक्षर कागदावर अर्ध्या मिलिमीटरचे होते. नकाशावरील सी. एस. क्रमांक मग वाचता येत नाही.

हवा तोच पडदा घेण्याच्या दोन रीती

पहिली रीत खिडकीची आहे. नकाशाची खिडकी तिच्या पडद्यावर पूर्ण मोठी करावी, तिच्या शीर्षपट्टीवर एकदा क्लिक करावे आणि मग Alt व PrtScn या कळा एकत्र दाबाव्यात. या जोडीने केवळ कार्यरत खिडकी टिपली जाते. कार्यरत म्हणजे जिच्यावर अखेरचा क्लिक झाला ती. यादीतील नाव तपासून लिपिकाने थेट या कळा दाबल्या, तर नकाशाऐवजी नेमकी यादीच टिपली जाईल. म्हणून शीर्षपट्टीवरील क्लिक वगळून चालत नाही.

दुसरी रीत चौकटीची आहे. Windows, Shift आणि S या तीन कळा दाबल्या की दोन्ही पडदे किंचित काळवंडतात. नंतर माऊसने नकाशाच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत चौकट ओढावी. चौकटीबाहेरचे काही चित्रात येत नाही. आरक्षणाचा थोडाच भाग दाखवावयाचा असेल, तर हीच रीत अधिक बरी, कारण तेवढाच भाग कागदावर मोठा व स्पष्ट छापता येतो.

पडद्यांचे क्रमांक पाहावयाचे असल्यास Settings, System, Display या पानावरील Identify हे बटण दाबावे. प्रत्येक पडद्यावर त्याचा अंक क्षणभर उमटतो. मॅक संगणकावर प्रकार निराळा आहे. तेथे Command, Shift व 3 दाबल्यास प्रत्येक पडद्याची स्वतंत्र फाईल तयार होते, आणि नको असलेली फाईल वेगळी काढून टाकता येते.

कापलेला भाग खरोखर जातो काय?

दोन्ही पडदे आलेच, तर उजवा अर्धा भाग कापून टाकला की झाले, असे वाटणे साहजिक आहे. येथेच खरा धोका आहे. वर्डच्या मसुद्यात चिकटविलेले चित्र तेथेच कापल्यास, कापलेला भाग केवळ झाकला जातो. फाईल मिळालेली व्यक्ती ती चौकट पुन्हा ताणून यादी पाहू शकते. तो भाग कायमचा काढावयाचा असेल, तर चित्र निवडून Compress Pictures या आज्ञेतील Delete cropped areas of pictures हा पर्याय वापरावा आणि मगच फाईल जतन करावी.

मार्च २०२३ मध्ये असाच दोष विंडोज ११ च्या चित्र टिपण्याच्या साधनातही उघडकीस आला. जतन केलेले चित्र कापून त्याच नावाने पुन्हा जतन केल्यास, जुन्या फाईलचा काही भाग नव्या फाईलच्या शेवटी शिल्लक राहत असे आणि त्यातून कापलेले दृश्य अंशतः परत मिळविता येत असे. मायक्रोसॉफ्टने त्याच महिन्यात दुरुस्ती दिली. पण त्यापूर्वी कापून पाठविलेल्या फाईलींना त्या दुरुस्तीचा उपयोग नाही.

आधार क्रमांकाची बाब तर कायद्याची आहे. आधार अधिनियम २०१६ च्या कलम २९ अन्वये, विनियमांनी ठरविलेल्या प्रयोजनांखेरीज, तो सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध वा प्रदर्शित करता येत नाही. नकाशाचे चित्र पुढे रहिवाशांच्या गटात फिरते किंवा सूचनाफलकावर लागते. त्याच्या कडेला राहून गेलेली यादीही त्याच्याबरोबर फिरते.

म्हणून नंतर कापण्यापेक्षा आधीच निवडणे हा सुरक्षित मार्ग होय. पाठविण्यापूर्वी एक तपासणी पुरेशी आहे. फाईलवर उजवा क्लिक करून Properties मधील Details या पानावर चित्राची रुंदी पाहावी. वरील उदाहरणात ती १९२० च्या आसपास किंवा त्याहून कमी असावी. ३८४० हा आकडा दिसला, तर यादी चित्रात आहे असे समजावे, ते चित्र आणि Screenshots फोल्डरमधील त्याची प्रत काढून टाकावी आणि नकाशा पुन्हा टिपावा.