स्ट्रूपमध्ये पहिले, ट्रेल मेकिंगमध्ये नापास?

समजा, आर्वीकडचे ६२ वर्षांचे एक शेतकरी. शिक्षण चौथीपर्यंत, अलीकडे विसरायला होतं म्हणून मुलगा त्यांना सेवाग्रामला तपासणीसाठी घेऊन आलाय. त्यांच्यापुढे दोन चाचण्या ठेवल्या, तर दोन्ही फसवू शकतात, आणि तेही उलट्या दिशांनी.

गैरसमज : स्ट्रूप चाचणी भराभर सोडवली, म्हणजे लक्ष पक्कं.

या चाचणीत ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो. तो वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत हा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले, तर शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०. मधले ४७ सेकंद गेले ते आपोआप होणारं वाचन रोखण्यात. चाचणी मोजते ती ही रोखण्याची ताकद.

मात्र ज्याचं वाचन आपोआप होतच नाही, त्याला रोखायचं तरी काय? आमचे शेतकरी अक्षरं जुळवत वाचतात, त्यामुळे शब्द त्यांच्या आड फारसा येत नाही. इंग्रजी शब्दांचा कागद दिला, तर आणखीच कमी. आकडा छान दिसतो, पण लक्षाबद्दल काहीच सांगत नाही.

गैरसमज : ट्रेल मेकिंगच्या ‘बी’ भागाला वेळ लागला, म्हणजे मेंदू कमजोर.

‘ए’ भागात विखुरलेले १ ते २५ आकडे रेघेने क्रमाने जोडायचे. ‘बी’ भागात आकडा आणि अक्षर आळीपाळीने घ्यायचं : १, ए, २, बी, ३, सी. मोतीबिंदू किंवा थरथरता हात दोन्ही भागांना उशीर करतो. म्हणून नुसता ‘बी’चा वेळ न घेता त्यातून ‘ए’चा वजा करतात.

समजा, या शेतकऱ्यांना ‘ए’ला ७० सेकंद लागले, ‘बी’ला २४०. फरक १७० सेकंदांचा, घाबरवणारा. पण त्यांना आधी नुसती एबीसीडी म्हणायला सांगा. ‘जी’पाशीच अडखळले, तर वेळ तिथेच गेला. आणखी एक खूण पाहायची. चूक झाली की तपासनीस लगेच दाखवतो, घड्याळ मात्र थांबवत नाही. त्यामुळे चूक वेळेत विरघळते. ती वेगळी टिपावी लागते. अक्षर शोधताना रेंगाळणं निराळं आणि आळीपाळी सोडून थेट १, २, ३ जोडत सुटणं निराळं. दुसरी चूक मन एका क्रमावरून दुसऱ्यावर वळत नसल्याची खरी खूण आहे.

अक्षरांची ही अडचण टाळणारी कलर ट्रेल्स चाचणी बंगळुरूच्या निम्हान्सच्या संचात आहे. तिच्यात गुलाबी आणि पिवळ्या गोलांतले आकडे आळीपाळीने जोडायचे असतात. त्या संचात तुलनाही वय आणि शिक्षण पाहून होते. आकडे तेवढे ओळखता आले पाहिजेत.

गैरसमज : मोबाइलवर अशा चाचण्यांचा सराव केला की मनाची लवचीकता वाढते.

सरावाने वाढतो तो मुख्यतः त्याच चाचणीतला वेग. म्हणून मुलाने घरी हे खेळ घोटून घेतले असतील, तर ते तपासनिसाला आधीच सांगावं.