पट्ट्यांवरून वाघांची मोजदाद

वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची मांडणी जन्मापासून मृत्यूपर्यंत बदलत नाही आणि ती कोणत्याही दोन वाघांत सारखी नसते, या एका गोष्टीवर आजच्या व्याघ्रगणनेचा पाया उभा आहे. त्यापूर्वी, म्हणजे 1972 च्या पहिल्या देशव्यापी गणनेपासून पुढची तीन दशके, वनरक्षक पाऊलठसे उतरवून घेत आणि त्यांवरून वाघ ओळखत. परंतु एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा आणि धुळीत वेगळा उमटतो, शिवाय तो उतरवणाऱ्याच्या हातावरही बराच अवलंबून असतो. कर्नाटकातील नागरहोळे येथे उल्हास कारंथ यांनी 1990 च्या दशकाच्या आरंभी छायाचित्रांवरून वाघ मोजण्याची पद्धत उभी केली, मात्र ती देशभर स्वीकारली जाण्यास 2005 पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी राजस्थानातील सरिस्का अभयारण्यात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, आणि कागदावरच्या गणनेला ते वेळीच कळले नव्हते.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारा कॅमेरा. त्यातील संवेदक प्राण्याच्या शरीराची उष्णता आणि मागील परिसराची उष्णता यांतील फरक टिपतो. म्हणूनच भर उन्हात, परिसर शरीराइतकाच तापलेला असताना, तो कधीकधी चुकतो. जंगलाचे सुमारे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनात, जेथे वाघाची ये-जा जास्त त्या पायवाटेवर किंवा नाल्याच्या काठी, साधारण गुडघ्याच्या उंचीवर कॅमेऱ्यांची जोडी लावतात. जोडी लावण्याचे कारण असे की वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे उजव्या कुशीवरील पट्ट्यांशी जुळत नाहीत, त्यामुळे दोन्ही कुशी एकाच वेळी टिपल्या गेल्या तरच त्या एकाच वाघाच्या आहेत हे खात्रीने म्हणता येते. हे दोन कॅमेरे अगदी समोरासमोर न लावता किंचित पुढेमागे लावतात, कारण एकाचा झोत दुसऱ्याच्या भिंगावर पडला तर छायाचित्र पांढरे होऊन वाया जाते.

जुळणीच्या कामात संगणकाची मदत होते. छायाचित्रातील खांदा, कंबर, शेपटीचे मूळ अशा काही खुणा दाखवून दिल्या की संगणक वाघाच्या देहाच्या त्रिमितीय प्रतिकृतीवर पट्टे बसवतो, चालताना किंवा वळताना आलेला तिरकसपणा काढून टाकतो आणि जुन्या संग्रहातील जवळची छायाचित्रे समोर ठेवतो. अंतिम निवाडा मात्र जाणकार डोळ्यांचाच असतो. कोणता पट्टा मध्येच दुभंगतो, कोणता वळून बंद वेटोळे करतो, कोणत्या दोन पट्ट्यांच्या मधोमध एक तुटका तुकडा आहे, असे पाहत किमान काही खुणा निःसंशय जुळल्याशिवाय ओळख पक्की धरली जात नाही.

एवढे करूनही छायाचित्रात न आलेले वाघ उरतातच, आणि त्यांचा हिशेब पुनर्ग्रहणाच्या गणिताने लावतात. एकदा नोंदलेला प्राणी पुन्हा किती वेळा सापडतो यावरून एकूण संख्या काढणे, हा त्याचा अर्थ. समजा, पहिल्या फेरीत 20 वाघ ओळखले गेले आणि दुसऱ्या फेरीत 25, त्यांपैकी 10 पहिल्या फेरीतलेच होते. म्हणजे पहिल्या फेरीतील वाघांपैकी निम्मेच दुसऱ्यांदा सापडले, तेव्हा दुसऱ्या फेरीतील 25 हेही एकूण वाघांच्या निम्मे धरता येतात आणि अंदाज 50 येतो. या काळात जन्म, मृत्यू आणि स्थलांतर जवळजवळ होऊ नये म्हणून कॅमेरे काही आठवडेच ठेवतात. आता वापरली जाणारी सूत्रे याहून सूक्ष्म असून कोणता वाघ कोणकोणत्या कॅमेऱ्यांपुढे आला हेही ती विचारात घेतात, कारण एखाद्या वाघाच्या वावराच्या क्षेत्रात एकच कॅमेरा येतो तर दुसऱ्याच्या क्षेत्रात दहा.

या गणिताला सर्वांत मोठा धोका चुकीच्या जुळणीचा आहे. वरच्याच उदाहरणात पुन्हा आलेल्या 10 वाघांपैकी दोघे, छायाचित्र अस्पष्ट असल्यामुळे, नवे समजले गेले, तर पुनर्भेटी 8 उरतात आणि अंदाज 50 वरून 62 वर जातो. प्राणिसंग्रहालयांतील हिमबिबट्यांच्या छायाचित्रांवर झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा चुकांमुळे संख्या सरासरी एक तृतीयांशाने फुगल्याचे दिसले. हिमबिबट्याच्या ठिपक्यांपेक्षा वाघाचे पट्टे ओळखण्यास सोपे असले, तरी एकाच कुशीचे छायाचित्र असलेले वाघ वेगळे ठेवणे आणि डावी-उजवी बाजू एकत्र मिसळून न मोजणे ही शिस्त येथेही अटळ आहे.

भारताच्या 2022 च्या गणनेत वाघांच्या 97,399 छायाचित्रांतून एक वर्षावरील 3,080 वेगवेगळे वाघ ओळखले गेले आणि न दिसलेले वाघ धरून देशातील संख्या 3,167 ते 3,925 यांच्या दरम्यान असल्याचा अंदाज मांडण्यात आला.